जिल्हे ३६ खरे, पण कोणत्या नावाने आणि केव्हापासून?

महाराष्ट्रात जिल्हे किती, या प्रश्नाला अजूनही काही जण ३५ असे ठामपणे सांगतात. त्यांचे पाठांतर कच्चे नसते. १ मे १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया वेगळे झाले, तेव्हा आकडा ३५ वर गेला आणि पुढची पंधरा वर्षे तिथेच थांबला. त्या काळात शाळेत भूगोल शिकलेल्या सगळ्यांच्या डोक्यात तोच बसला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर निघाला आणि ३६ झाले. राज्य झाले तेव्हाचे २६, मग जालना, सिंधुदुर्ग, लातूर, गडचिरोली, मुंबई उपनगर, वाशीम, नंदुरबार ही यादी स्पर्धा परीक्षेवाल्यांना तोंडपाठ असते, ती इथे पुन्हा उगाळत नाही.

आकडा बदलला की त्याला चिकटलेली बाकीची विधानेही शिळी होतात, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ठाण्याचेच घ्या. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, सुमारे १ कोटी १० लाखांचा. पालघर वेगळा झाल्यावर त्याच जनगणनेचे आकडे नव्या सीमांप्रमाणे मांडले, तर ठाण्याकडे साधारण ८० लाख उरतात आणि पालघरकडे ३० लाखांच्या आसपास जातात. म्हणजे देशातला पहिला क्रमांक पश्चिम बंगालमधल्या उत्तर चोवीस परगण्याकडे जातो आणि राज्यातला पुण्याकडे. जनगणना तीच, माणसे तीच, फक्त रेघ हलली. तरीही ‘ठाणे देशात पहिले’ हे वाक्य आजही जसेच्या तसे उतरवले जाते, कारण २०११ चे मूळ तक्ते उघडले की तिथे तेच दिसते. ते वाक्य वाचवायचे असेल तर ‘२०११ च्या जनगणनेत, तेव्हाच्या सीमांप्रमाणे’ एवढे जोडावेच लागते. नुसते ‘२०११ नुसार’ म्हणून भागत नाही, कारण आकड्याचे वर्ष आणि सीमेचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नावांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि त्यात औरंगाबादची सर्वांत जास्त. ‘संभाजीनगर’ हे नाव जाहीर सभेतून १९८८ मध्ये आले आणि एका पक्षाच्या तोंडी लगेच रुळले. सरकारी कागदावर ते चढवण्याचा पहिला प्रयत्न नोव्हेंबर १९९५ चा. तेव्हाच्या युती सरकारने प्रारूप अधिसूचना काढली, म्हणजे ‘असे करण्याचा विचार आहे, हरकती सांगा’ असा मसुदा. प्रकरण न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात ‘जैसे थे’ चा आदेश झाला आणि २००१ मध्ये पुढच्या सरकारने तो मसुदाच मागे घेतला. म्हणजे नाव कायद्याने कधी बदललेच नव्हते. तरी मधल्या वर्षांतली पत्रके, फलक, काही वर्तमानपत्रे पाहिली, तर बदल होऊन गेला असेच वाटावे.

मग २९ जून २०२२. सरकार जायच्या बेतात असताना मंत्रिमंडळाने संभाजीनगर आणि धाराशिव या नावांना मंजुरी दिली आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. बहुमत सिद्ध करायला सांगितलेले असताना असा निर्णय घेता येतो का, हा वाद लगेच उभा राहिला. नव्या सरकारने १६ जुलैला निर्णय पुन्हा घेतला आणि संभाजीनगरच्या आधी ‘छत्रपती’ जोडले. श्रेय कोणाचे, यावर आजही भांडण आहे. पण संदर्भासाठी महत्त्वाचे ते वेगळेच: या दोन्हींपैकी एकाही दिवशी नाव बदलले नाही. मंत्रिमंडळाने ठरवणे आणि नाव बदलणे यांच्यामध्ये बरीच पायवाट आहे, आणि बातम्यांच्या मथळ्यांनी ती सरळ बुजवून टाकली.

केंद्राचे ना हरकत आले २४ फेब्रुवारी २०२३ ला, तेही शहरांच्या नावांसाठी. जिल्हा, उपविभाग आणि तालुका हे महसुली क्षेत्र आहे. त्याचे नाव बदलायचे तर महसूल कायद्याखाली वेगळा मसुदा, वेगळ्या हरकती आणि वेगळी अंतिम अधिसूचना लागते. ती निघाली सप्टेंबर २०२३ च्या मध्याला. मधल्या सहा-सात महिन्यांत शहर एका नावाचे आणि जिल्हा दुसऱ्या नावाचा, अशी अवस्था होती. त्या काळातला एखादा शासकीय कागद ‘छत्रपती संभाजीनगर, जि. औरंगाबाद’ असा दिसला, तर ती कारकुनाची चूक समजू नये. उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये आव्हान याचिका फेटाळल्या, तेव्हा कुठे विषय बऱ्यापैकी मिटला.

अहमदनगरचेही तसेच. घोषणा ३१ मे २०२३ ला चौंडीत, मंत्रिमंडळाचा निर्णय मार्च २०२४ मध्ये, प्रत्यक्ष अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये. ‘अहिल्यानगर कधी झाले’ याला तीन तारखा मिळतात आणि तिन्ही कुठे ना कुठे छापलेल्या आहेत. आमच्या मते उत्तर म्हणून एकच चालते, अंतिम अधिसूचनेची. तोवर ‘प्रस्तावित’ लिहावे. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी नवे नाव छापणाऱ्यांनी वाचकांचे काही भले केले नाही.

आणि तरीही सगळीकडे एकदम बदल होत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर याच मतदारसंघांत झाली, कारण मतदारसंघांची नावे २००८ च्या परिसीमन आदेशातली आहेत आणि जिल्ह्याचे नाव बदलल्याने ती आपोआप बदलत नाहीत. त्याच वर्षीच्या विधानसभेलाही औरंगाबाद पूर्व, मध्य, पश्चिम असेच होते. त्यामुळे ‘छत्रपती संभाजीनगर लोकसभा मतदारसंघातून २०२४ मध्ये’ असे लिहिले की वाक्य आधुनिक वाटते, पण चुकते. रेल्वे स्थानकाचे नाव तर ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले, आणि स्थानकाचा जुना संकेत AWB जाऊन CPSN आला. जुन्या वेळापत्रकावरून तिकीट शोधणाऱ्याची इथेच अडचण होते.

लिहिताना सर्वांत निरुपयोगी इशारा म्हणजे ‘माहिती जुनी असू शकते’. तो सगळ्याच माहितीला लागू असतो, म्हणून वाचकाला काहीच सांगत नाही. त्याऐवजी कशाचे नाव, ते कोणत्या तारखेपासून आणि आपण शेवटचे केव्हा पाहिले, हे तीन तपशील द्यावेत. उदाहरणार्थ ‘जिल्हा: धाराशिव (सप्टेंबर २०२३ पासून, आधी उस्मानाबाद). लोकसभा मतदारसंघ: उस्मानाबाद, २०२४ च्या निवडणुकीनुसार.’ दोन ओळी जास्त लागतात, पण पुढे मतदारसंघाचे नाव बदलले तर नेमकी कोणती ओळ दुरुस्त करायची ते दुसऱ्यालाही कळते. घटना जुनी असेल तर नावही त्या वेळचेच ठेवावे: १९९० चा जन्मदाखला औरंगाबादचाच असतो, त्याला मागे जाऊन संभाजीनगर करायचे कारण नाही. जिल्ह्यांचा आकडाही याच पद्धतीने लिहावा: ‘३६, १ ऑगस्ट २०१४ पासून’. नव्या जिल्ह्यांच्या मागण्या मालेगावपासून अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे पडून आहेत आणि दर निवडणुकीआधी त्यांना पालवी फुटते. त्यातली एखादी मान्य झाल्याची बातमी आली, तर आधी राजपत्र उघडावे आणि मगच ३६ ला हात लावावा.