बसल्या माणसाचा श्वास आणि दिव्याचा सेन्सर

आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रात्री उशिरापर्यंत बसतात. वीज वाचावी म्हणून गेल्या वर्षी तिथे हालचालीवर दिवे लावणारा सेन्सर बसवला, आणि तेव्हापासून दर पाच-सात मिनिटांनी खोलीत अंधार होऊ लागला. दिवे गेले की कोणीतरी पुस्तकावरची नजर न काढता हात उंच करून हलवायचा, दिवे लागायचे आणि वाचन पुढे सुरू व्हायचे. सेन्सर बिघडला असे समजून तो बदलला, तर नवाही तसाच वागला. बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. त्याच्याकडून जे काम अपेक्षित होते, ते तो करूच शकत नव्हता.

छतावर किंवा भिंतीवर दिसणारा तो पांढरा, अर्धगोल प्लास्टिकचा सेन्सर पीआयआर म्हणून ओळखला जातो. तो माणसाच्या अंगातली उष्णता ओळखतो, असे सर्रास सांगितले जाते, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. कारण तसे असेल तर समोर बसलेला माणूस काही थंड झालेला नसतो. आपल्या शरीरातून अवरक्त किरण सतत बाहेर पडतात हे खरे आहे. पण पीआयआरमधला स्फटिक स्वतःचे तापमान बदलते तेव्हाच विद्युतप्रभार निर्माण करतो, आणि बदल थांबला की तो प्रभार विरून जातो. शिवाय आत असे दोन तुकडे एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात, म्हणजे खोली हळूहळू तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना मारतात आणि दिवे विनाकारण लागत नाहीत. बाहेरचे प्लास्टिक हे अनेक छोट्या फ्रेनेल भिंगांचे मिळून बनलेले असते आणि ते खोलीचे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एक तुकडा तापतो, मग दुसरा, आणि संकेत उमटतो. चार मीटर अंतरावर हे पट्टे चांगलेच रुंद होतात, त्यामुळे पान उलटणारी किंवा लिहिणारी बोटे बहुधा एकाच पट्ट्यात राहतात आणि सेन्सरच्या लेखी काहीच घडत नाही. मे महिन्यात, विशेषतः विदर्भात, यात आणखी भर पडते. त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते आणि खोलीतल्या भिंतीही तितक्याच तापलेल्या असतात, त्यामुळे चालत्या माणसाचा संकेतही दुबळा होतो.

दिवे बंद होण्याआधीचा अवधी वाढवणे हा नेहमीचा उपाय आहे. पण तो अर्ध्या तासावर नेला, तर रिकाम्या खोलीत प्रत्येक वेळी अर्धा तास दिवे जळतात, आणि तास-तासभर एका बैठकीत वाचणाऱ्यावर अंधाराची पाळी तरीही येतेच.

या जागी आता मिलिमीटर लहरींचा सेन्सर वापरता येतो. हा बोटाएवढा रडार असतो. मी वापरलेले एलडी २४१०सी हे मॉड्यूल २४ गिगाहर्ट्झवर चालते. तिथे तरंगलांबी सुमारे साडेबारा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीइतकी असते. काटेकोर व्याख्येत मिलिमीटर लहरी ३० गिगाहर्ट्झपासून सुरू होतात, पण बाजारात यालाही तेच नाव पडले आहे. पीआयआर नुसताच पाहतो. हा स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी तपासतो.

अंतर मोजण्याची त्याची रीत अशी आहे. सोडलेल्या लहरीची वारंवारता तो पायरी-पायरीने नव्हे तर अखंड वाढवत नेतो. समजा एका मिलिसेकंदात ती २५० मेगाहर्ट्झने वाढली. तीन मीटरवर बसलेल्या माणसाकडे जाऊन परत येण्यास लहरीला २० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात सोडल्या जाणाऱ्या लहरीची वारंवारता थोडी पुढे सरकलेली असते, त्यामुळे परत आलेली लहर तिच्यापेक्षा नेमकी पाच किलोहर्ट्झने मागे असते. हा फरक मोजला की अंतर कळले: सहा मीटरवरच्या वस्तूसाठी तो दहा किलोहर्ट्झ येईल. अशा रीतीने खोली अंतराच्या खणांत विभागली जाते. या मॉड्यूलमध्ये प्रत्येक खण ७५ सेंटिमीटरचा असतो.

पण खण ७५ सेंटिमीटरचा, आणि शांत बसलेल्या माणसाची छाती श्वासागणिक पुढेमागे होते ती जेमतेम चार-पाच मिलिमीटर. मग ती हालचाल सापडते कशी? मला या सगळ्या प्रकारात सर्वांत सुंदर वाटते ते हेच. अंतर मोजण्यासाठी लहरींमधला वारंवारतेचा फरक वापरला जातो. श्वास शोधण्यासाठी त्याच लहरीची कला, म्हणजे फेज, पाहिली जाते. लहर परत येते तेव्हा ती आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, याला कला म्हणतात. तिची कल्पना घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी करावी, जो एका तरंगलांबीत एक पूर्ण फेरी मारतो. छाती एक मिलिमीटर पुढे आली की लहरीचा जाण्याचा मार्ग एक मिलिमीटरने कमी होतो आणि येण्याचाही तेवढाच, म्हणजे एकूण दोन मिलिमीटर. साडेबारा मिलिमीटरच्या एका फेरीत दोन मिलिमीटर म्हणजे सुमारे ५८ अंश. घड्याळाच्या भाषेत काटा जवळजवळ दहा मिनिटे सरकला. पाच मिलिमीटरच्या श्वासाला तो ४८ मिनिटांइतका फिरतो आणि श्वास सोडताना तेवढाच मागे येतो. माणूस किती लांब आहे हे सेन्सरला ढोबळमानानेच कळते, पण त्याची छाती हलते आहे हे मात्र मिलिमीटरच्याही आत कळते.

भिंत, टेबल, कपाट यांच्याकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा काटा जागचा हलत नाही, म्हणून तो हिशेबातून वजा करता येतो. उरतो तो हलणाऱ्या वस्तूंचा संकेत. याचा अर्थ असा की हा सेन्सरही माणसाचे ‘असणे’ ओळखत नाही. तोही बदलच ओळखतो. फक्त पीआयआरला पट्टा ओलांडणारा माणूस लागतो, तर याला श्वास पुरतो. शांत माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला तीन ते पाच सेकंद लागतात. त्यामुळे स्थिर माणसाबद्दल निर्णय करण्यासाठी सेन्सरला काही सेकंद पाहावे लागते, आणि ‘आता कोणी नाही’ हे ठरवण्याआधी त्याहून बरेच अधिक थांबावे लागते.

रडार म्हटले की घरात किरणोत्सर्ग होईल, ही भीती लगेच पुढे येते, आणि ती निराधार आहे. २४ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा दिव्याच्या प्रकाशातल्या फोटॉनच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास असते, त्यामुळे पेशींतले रेणू तोडण्याची क्षमता तिच्यात नाही, आणि सोडली जाणारी शक्तीही मोबाइलच्या तुलनेत फार थोडी असते. उलट बाजूने, असा स्वस्त सेन्सर भिंतीपलीकडची माणसे मोजतो आणि हृदयाचे ठोके अचूक सांगतो, या जाहिरातींवरही विश्वास ठेवू नये. एका खणात दोन माणसे बसली तरी हे मॉड्यूल त्यांना वेगळे काढत नाही.

आपल्याकडे याची खरी परीक्षा घेतो तो छताचा पंखा. पंखा सेकंदाला पाच फेऱ्या मारत असेल, तर तीन पाती सेकंदाला पंधरा वेळा समोरून जातात. हा वेग श्वासापेक्षा खूप जास्त आहे, तेव्हा तो वेगळा काढता यावा असे वाटते. पण सेन्सर खोलीकडे सेकंदाला मोजक्या वेळा पाहत असेल, तर चित्रपटात गाडीचे चाक सावकाश किंवा उलटे फिरताना दिसते तसे जलद फिरणारे पाते संथ भासते आणि श्वासाच्या पट्टीत येऊन बसते. शिवाय पंख्याच्या वाऱ्याने पडदा, दोरीवरचा टॉवेल, भिंतीवरचे कॅलेंडर हे सगळे खरोखरच संथपणे हलतात. रिकाम्या खोलीत मध्यरात्री दिवा आपोआप लागला म्हणून कोणी बाहेरची बाधा शोधू लागले, तर त्यांना आधी खिडकीचा पडदा पाहायला सांगावे.

अभ्यासिकेची खोली साडेपाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. सेन्सर एका अरुंद भिंतीवर, छातीपेक्षा थोड्या वर, दीड मीटर उंचीवर बसवला, म्हणजे पंखा त्याच्या थेट समोर येत नाही आणि माणसांच्या छात्या येतात. समोरच्या भिंतीत लाकडी दार आहे आणि पलीकडे जिना. लाकूड या लहरींना पुरते अडवत नाही, त्यामुळे जिन्यावरून जाणाऱ्यालाही सेन्सर खोलीतला माणूस समजत होता. म्हणून सव्वापाच मीटरपलीकडचे खण बंद केले. मग मोबाइलवरच्या HLKRadarTool या अ‍ॅपमध्ये प्रत्येक खणातल्या संकेताच्या ताकदीचा आकडा पाहिला. तो शून्य ते शंभर असतो. खोली रिकामी आणि पंखा बंद असताना तिसऱ्या-चौथ्या खणात स्थिर माणूस ओळखण्यासाठीचा आकडा दहाच्या आसपास होता, पंखा पूर्ण वेगाने लावल्यावर तो तिशीत गेला, आणि एक मुलगा तिथे निमूट वाचत बसला तेव्हा पन्नाशीच्या वर राहिला. उंबरठा चाळीसवर ठेवला. मोजणी पंखा चालू ठेवूनच करावी लागते. हिवाळ्यात ठरवलेला उंबरठा उन्हाळ्यात दिवे रात्रभर जळत ठेवतो.

त्यातूनच दुसरी गोष्ट ध्यानात आली. पीआयआर चुकतो तेव्हा अंधार करतो, आणि अंधाराची तक्रार लगेच होते. रडार चुकतो तेव्हा दिवे जळत राहतात, आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जुना पीआयआर काढला नाही. दिवे लावण्याचा अधिकार फक्त त्याला दिला, कारण पडदा हलल्याने तो सहसा फसत नाही. लागलेले दिवे टिकवण्याचे काम रडारला दिले. दोघांनाही दोन मिनिटे काही आढळले नाही तरच दिवे जातात. रडारला स्वतःला सतत सुमारे ०.४ वॅट लागतात, म्हणजे वर्षाला साडेतीन युनिट. अभ्यासिकेच्या चार २० वॅटच्या ट्यूब रिकाम्या खोलीत ४४ तास जळल्या की तेवढी वीज जाते. पीआयआर बॅटरीवर वर्षभर चालू शकतो, तसा हा चालत नाही. त्याला अडॅप्टर लागतोच.

आता हात हलवावे लागत नाहीत. फक्त कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागच्या टेबलावर एकटा मुलगा बसला की दिवे अजून जात होते, कारण लोखंड या लहरींना पुरते अडवते आणि त्याची छाती सेन्सरला दिसतच नव्हती. कपाट गेल्या आठवड्यात दाराशेजारी हलवले.