रात्रीचे आठ, पण कुणाचे? शेड्यूल केलेल्या पोस्टच्या वेळेची पार्श्वभूमी

फॉलोअर चार देशांत असले की पोस्टची वेळ चुकते, आणि बहुतेक जण समजतात की आपलीच बेरीज-वजाबाकी चुकली. खरं तर बहुतेक वेळा आकडेमोड बरोबर असते. गफलत त्याआधीच झालेली असते. ‘२८ तारखेला रात्री आठ’ असं आपण सांगितलं, तेव्हा शेड्यूलरने नेमकं काय लिहून ठेवलं, यात ती असते.

ग्रीनिचची रेषा १८८४ साली ठरली, पुढे जगभर वेळेचे पट्टे पडले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या कामाची गोष्ट बरीच नंतरची आहे. सर्व्हर वेगवेगळ्या देशांत पसरले तेव्हा प्रोग्रामरांमध्ये एक नियम रुजला: साठवताना सगळं यूटीसी या जगभर सारख्या असलेल्या संदर्भवेळेत, स्थानिक वेळ फक्त दाखवताना. घडून गेलेल्या गोष्टींसाठी हा नियम उत्तम आहे. कमेंट कधी आली, लॉगिन कधी झालं, हे क्षण पक्के असतात आणि कुठलंही सरकार ते बदलू शकत नाही. शेड्यूलिंगची साधनं आली तेव्हा त्यांनी हाच नियम उचलला आणि भविष्याला लावला. माझ्या मते घोटाळ्याचं मूळ इथे आहे. भविष्यातले ‘रात्रीचे आठ’ हा क्षण नसतो, तो इरादा असतो. त्या दिवशी त्या गावाचं घड्याळ यूटीसीच्या किती पुढे असेल, हे तो दिवस उजाडेपर्यंत बदलू शकतं.

कॅलेंडरचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे आधीच कळलं होतं. त्यांच्या १९९८ च्या मानकात वेळ लिहिण्याचे तीन प्रकार होते: यूटीसी, झोनचं नाव जोडलेली स्थानिक वेळ, आणि कुठल्याच झोनला न बांधलेली तरंगती वेळ. पोस्टला तरंगती वेळ चालत नाही, कारण पोस्ट सगळ्यांसाठी एकाच क्षणी प्रसिद्ध होते. ईमेल प्रत्येकाला त्याच्या सकाळी नऊला धाडता येतो, पोस्टचं तसं नाही. म्हणजे निवड उरते पहिल्या दोनांत, आणि वाद आहे तो तिथेच.

त्याआधी ‘टाइम झोन’ या शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण एकाच शब्दात दोन वस्तू कोंबलेल्या आहेत. +02:00 हा यूटीसीपासूनचा नुसता फरक झाला. Asia/Beirut हे नाव झालं, आणि त्या नावामागे तिथली घड्याळं कधी पुढे गेली, कधी मागे आली आणि पुढे कधी जाणार याची अख्खी नियमावली असते. काही साधनं सेटिंगमध्ये दोन्ही एकाच यादीत देतात. ज्याने तिथे नुसता आकडा निवडला, त्याची पोस्ट घड्याळबदलाच्या दिवसापासून तासभर चुकते, आणि साधन मात्र सांगितल्याबरहुकूम वागलेलं असतं.

आता बैरुतचंच पाहू. या वादाची इतकी स्वच्छ परीक्षा दुसरीकडे कुठे झालेली मला माहीत नाही. लेबनॉनमध्ये २०२३ साली २५ मार्चच्या मध्यरात्री घड्याळं तासभर पुढे जायची होती, +02:00 वरून +03:00 वर. समजा कुणी १० मार्चला पोस्ट लावली:

```
2023-03-28T20:00 Asia/Beirut
```

तेव्हाच्या नियमांनी ती यूटीसी १७:०० ला पडते. यूटीसीवाल्या साधनाने १७:०० लिहून ठेवलं आणि बाकीचं विसरून गेलं. मग २३ मार्चला, जेमतेम दोन दिवस आधी, सरकारने जाहीर केलं की उन्हाळी वेळ रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली आहे. आता २८ तारखेला बैरुत +02:00 वरच राहणार, म्हणजे १७:०० ला तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असणार. नाव साठवणारं साधन नवे नियम मिळताच पुन्हा हिशोब करून १८:०० वर सरकलं असतं. इथवर नाववाल्यांची सरशी.

पण पुढे काय झालं? देशातल्या काही संस्था, शाळा आणि वृत्तवाहिन्यांनी निर्णय मानला नाही आणि ठरल्या दिवशी घड्याळं पुढे केली. एकाच शहरात दोन वेळा चालू लागल्या. झोनची नियमावली सांभाळणाऱ्यांनी २३ मार्चलाच 2023b ही आवृत्ती काढून पुढे ढकललेला बदल नोंदवला होता. २७ ला सरकारने माघार घेतली आणि २९ च्या मध्यरात्रीपासून उन्हाळी वेळ लागू करायचं ठरवलं. २८ ला 2023c आली, आणि तिने लेबनॉनपुरतं सगळं 2023b च्या आधीच्या स्थितीत नेऊन ठेवलं. म्हणजे नोंदीप्रमाणे घड्याळं २५ च्या मध्यरात्रीच बदलली! त्यामुळे नोंदीप्रमाणे आपल्या पोस्टची वेळ पाच दिवसांत १७:०० वरून १८:०० वर आणि परत १७:०० वर आली. पण 2023c आली तोवर पोस्टची वेळ उलटून गेली होती, म्हणून ज्याच्या साधनाने मधली आवृत्ती उचलली, त्याची पोस्ट या शेवटच्या नोंदीच्या हिशोबाने तासभर उशिरा गेली असती.

यूटीसीचे पाठीराखे हीच गोष्ट आपल्या बाजूने सांगतात: निदान आमची पोस्ट हलली तरी नसती. बरोबर आहे. पण ती बरोबर पडली असती ती योगायोगाने. २०१६ साली इजिप्तने उन्हाळी वेळ काही दिवस आधी रद्द केली, २०१८ साली मोरोक्कोने घड्याळं मागे न घेण्याचं दोन दिवस आधी जाहीर केलं, आणि दोन्ही देशांनी माघार घेतली नाही. तिथे गोठवलेला यूटीसी आकडा चुकलाच असता.

२०२४ च्या नव्या लेखनपद्धतीत आकडा आणि नाव दोन्ही शेजारी लिहितात:

```
2023-03-28T20:00:00+03:00[Asia/Beirut]
```

दोन्ही जुळेनासे झाले की प्रोग्रामला कळतं की मधल्या काळात कुणीतरी नियम बदलला. पोस्ट आपोआप सरकवायची की मालकाला विचारायचं, हे मात्र साधनावर सोडलेलं आहे. मला विचाराल तर विचारावं. ‘बैरुतचे आठ’ हवे होते की ‘पॅरिससोबत एकाच वेळी’, हे साधनाला कसं कळणार?

सरकारांनी ऐनवेळी काही केलं नाही तरी दरवर्षी एक लहानसा तडाखा बसतोच. २००७ पासून अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप शेवटच्या. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला बांधलेली दर मंगळवारची पोस्ट एरवी लंडनला दुपारी दोनला पोचते. २०२६ मध्ये १०, १७ आणि २४ मार्चला ती एक वाजता जाईल आणि ३१ ला परत दोनवर येईल. नैरोबीत घड्याळ बदलतच नाही, तिथे ती पाचवरून चारवर येईल आणि नोव्हेंबरपर्यंत चारवरच राहील. यात बिघडलेलं काही नाही. पोस्ट एकाच गावाला बांधता येते, आणि ते गाव कुठलं हे आपण ठरवलं नाही तर खात्याची सेटिंग ठरवते.

आपलं साधन काय साठवतं हे पाहायची एक सोपी खूण आहे. रात्री आठची एक चाचणी पोस्ट लावा आणि खात्याचा झोन America/New_York वरून Europe/London करा. पोस्टसमोर मध्यरात्रीनंतरचा एक दिसू लागला तर आत पक्का क्षण आहे. आठच राहिले तर स्थानिक वेळ आहे, आणि ती पोस्ट आता लंडनच्या आठला जाईल, म्हणजे पाच तास आधी. क्षण दिसला तरी शेजारी नाव जपून ठेवलंय का आणि नियम बदलल्यावर हिशोब पुन्हा होतो का, हे या चाचणीतून कळत नाही. ते साधनवाल्यांनाच विचारावं लागतं.