नरसिंह: आधी रूप, मग गोष्ट

नरसिंहाची गोष्ट आपल्याला एकाच साच्यात ठाऊक असते. हिरण्यकशिपूचा वर, प्रल्हादाची भक्ती, खांब फोडून आलेला देव, उंबरठा, मांडी आणि नखं. अर्धा माणूस अर्धा सिंह हे रूप त्या वरातली पळवाट म्हणून घडलं, असं लहानपणापासून सांगितलं जातं. मूर्ती आणि ग्रंथ काळाच्या क्रमाने लावून पाहिले, तर मात्र चित्र जरा वेगळं दिसतं.

सुरुवात वरापासून करू. 'हेही नाही, तेही नाही' ही युक्ती नरसिंहाच्या कितीतरी आधीची आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात इंद्राने पाण्याच्या फेसाने नमुची या असुराचं डोकं उडवल्याचा उल्लेख आहे. फेसानेच का, हे तिथे सांगितलेलं नाही. ते शतपथ ब्राह्मणात येतं. तुला दिवसा मारणार नाही, रात्री मारणार नाही, काठीने नाही, धनुष्याने नाही, तळहाताने नाही, मुठीने नाही, कोरड्याने नाही, ओल्याने नाही, अशी शपथ इंद्राने नमुचीला दिलेली असते. मग देव त्याला फेसाचं वज्र करून देतात, कारण फेस ना कोरडा ना ओला. रात्र सरलेली आणि सूर्य उगवायचा आहे अशा वेळी इंद्र शपथ न मोडता नमुचीला मारतो. हिरण्यकशिपूच्या वराचा आराखडा इथे जवळजवळ पूर्ण दिसतो. फरक एवढाच की इथे दोन वर्गांच्या मधली वस्तू म्हणजे शस्त्र आहे. मारणारा इंद्र नेहमीचाच इंद्र आहे. नरसिंहाच्या कथेत हे मधलेपण शस्त्रातून निघून देवाच्या अंगात आलं.

आता मूर्तींकडे वळू. आंध्र प्रदेशात गुंटूर भागातल्या कोंडमोटू इथे एक शिल्पपट सापडला आहे. तो साधारण चौथ्या शतकातला मानतात. त्यातला नरसिंह जवळजवळ पूर्ण सिंहच आहे. फक्त मानेपाशी दोन माणसाचे हात जोडलेले आहेत, त्यांत गदा आणि चक्र आहे, छातीवर श्रीवत्स आहे. आजूबाजूला कृष्णाच्या वृष्णिकुळातले वीर उभे आहेत. हिरण्यकशिपू कुठेच नाही, खांबही नाही. इथे सिंहाला हात दिले आहेत ते आयुधं धरायला, म्हणजे हा विष्णू आहे हे ओळखू यावं म्हणून. कोणाचा वर चुकवण्याचा प्रश्नच या दगडावर नाही.

दुसरा पुरावा आपल्याच नागपूर जिल्ह्यातला. रामटेकच्या डोंगरावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन जुनी देवळं आहेत, दोन्ही पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात राणी होती आणि पतीच्या मृत्यूनंतर मुलांच्या वतीने राज्यकारभार पाहत होती. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या, म्हणजे तिथल्या देवाच्या, पायांपासून दिला गेला आहे. रामगिरी म्हणजे हेच रामटेक. केवल नरसिंहाच्या देवळात गिलाव्याखाली एक शिलालेख सापडला. तो बराच झिजला आहे, पण या घराण्याशी असलेलं नातं त्यातून कळतं. दोन्ही देवळांत आत बसलेला देव भव्य आहे, दोन हातांचा, सिंहमुखी, निवांत बसलेला. हातात चक्र आहे आणि मांडीवर कोणीही नाही. नावातल्या 'केवल' शब्दाचा अर्थ मूर्तीसमोर उभं राहिल्यावर आपोआप उमगतो: नुसता नरसिंह. राजघराण्याने पुजलेला हा सिंह सत्तेचा सिंह आहे, असं मला वाटतं. इथलं सिंहाचं डोकं सिंहासनाच्या जवळचं आहे, वराच्या कोड्याशी त्याचा फारसा संबंध दिसत नाही.

ग्रंथांतही गोष्ट एकदम पूर्ण झालेली नाही. हरिवंशात नरसिंह हिरण्यकशिपूच्या सभेत येतो आणि त्याच्या शरीरात सगळं विश्व असल्याचं प्रल्हाद ओळखतो. खांब तिथे नाही. विष्णुपुराणात प्रल्हादाचा छळ सविस्तर आहे, पण नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारल्याचा उल्लेख जाता जाता येतो. प्रत्येक धागा गाठीत बांधला जातो तो भागवताच्या सातव्या स्कंधात. वराच्या अटी तिथे एकेक करून मांडल्या आहेत, आणि सभेतल्या खांबातून निघालेलं रूप 'ना पशू ना माणूस' असं वर्णिलं आहे. दारात, मांडीवर, नखांनी. म्हणजे ज्या मिश्र रूपाला आधी कारणाची गरज नव्हती, त्याला कथेने मागाहून इतकं चोख कारण दिलं की आता त्याशिवाय ते रूप सुचतच नाही.

मूर्तिकारांनीही हा बदल टिपला. वेरूळच्या १५ व्या लेण्यात, दशावतार लेण्यात, नरसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर भिडलेले आहेत. दैत्य अजून हरलेला नाही. पुढे मांडीवर आडवा दैत्य आणि पोटात रुतलेली नखं हा साचा रूढ झाला. मूर्ती पाहताना म्हणून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: दोन हात आणि दैत्य नाही, तर प्रतिमा जुन्या धाटणीची, अनेक हात आणि मांडीवर दैत्य, तर कथा पक्की झाल्यानंतरची. पण एवढ्यावरून काळ ठरवू नये. योगासनातला एकटा नरसिंह नंतरही घडत राहिला. हंपीचा १५२८ मधला, कृष्णदेवरायाच्या काळातला प्रचंड नरसिंह तर मुळात मांडीवर लक्ष्मी घेऊन बसलेला होता.

वराहाच्या बाबतीत डोकं आणि धड यांचा हिशेब आणखी मोकळा आहे. मध्य प्रदेशातल्या उदयगिरीच्या लेण्यात वराह म्हणजे माणसाचं धड आणि डुकराचं डोकं. तिथून फार लांब नसलेल्या एरणला तो संपूर्ण डुक्कर आहे, अंगभर ऋषींच्या ओळी कोरलेला, आणि त्याच्यावर हूण राजा तोरमाणाच्या काळचा लेख आहे. देव तोच, काम तेच. पूर्ण पशू असेल तर त्याच्या अंगावर विश्व मांडायला जागा मिळते; माणसाचं धड असेल तर पृथ्वीला उचलणारं शौर्य दाखवता येतं. शिल्पकार निवड करत होते.

रूप बदलणारे वेगळे. मारीच सोन्याचा हरिण होतो तेव्हा त्याला राक्षसपण लपवायचं असतं. दोन्ही रूपं एकाच वेळी दिसली तर फसवणूक फसेल. नरसिंहाचं सगळं बळ दोन्ही रूपं एकदम दिसण्यात आहे.

या बळाला प्रतिस्पर्धीही मिळाला. शैव पुराणांत नरसिंहाचा क्रोध शमवायला शिव शरभ होतो. शरभाला सिंहाचं अंग आणि पक्ष्याचे पंख असतात. म्हणजे मिश्र रूपाला हरवायला आणखी मिश्र रूप. तमिळनाडूत दारासुरमच्या १२ व्या शतकातल्या देवळात नरसिंहाला पकडलेला शरभ कोरलेला आहे. वैष्णवांनी त्यावर दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, उभा केला. दैवतांची ही चढाओढ पंथांची होती हे उघड आहे.

महाराष्ट्रात शरभ बहुतेकांना भेटतो तो किल्ल्यांच्या दरवाजांवर. तिथे त्याच्या पंजांत हत्ती असतात, नरसिंह नसतो. शिवाच्या पुराणातला वाद दाराशी येईपर्यंत गळून पडला आणि सिंहासारखं जनावर हत्तींना दाबून धरतंय एवढंच उरलं. येणाऱ्याला धाक घालायला तेवढं पुरत होतं.