अंगठा आणि चोखणी: जोराचा नव्हे, तासांचा हिशेब

मूल अंगठा चोखतं म्हणून काळजीत पडलेले आईबाबा बहुतेक वेळा त्याच्या जोराबद्दल बोलतात. किती घट्ट धरून ठेवतं, अंगठा बाहेर ओढला की कसा 'टक्' असा आवाज येतो, वगैरे. पण दातांच्या बाबतीत जोरापेक्षा वेळ जास्त मोलाचा असतो. घास चावताना दातांवर कितीतरी मोठा दाब येतो, तरी दात जागचा हलत नाही, कारण तो दाब क्षणभराचा असतो. उलट अगदी हलका दाब रोज तासन्‌तास राहिला, तर दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. वाकडे दात तारा लावून सरळ करतात ते याच तत्त्वावर. दात सरकायला दिवसाला साधारण ६ तासांचा दाब लागतो, असा ढोबळ आकडा दंतवैद्य धरतात. त्यापेक्षा कमी वेळ म्हणजे पूर्ण निर्धोक असं नाही, पण मोजायचं काय हे त्यावरून कळतं.

तोंडात नेमकं काय घडतं ते पाहू. अंगठा वरच्या पटाशीच्या दातांना आतून बाहेर ढकलतो आणि खालच्यांना मागे दाबतो. मध्ये अडसर असल्यामुळे हे दात पुरते खालीवर येत नाहीत. मग दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. ही फट सगळ्यांना दिसते. दुसरा बदल मात्र लपून होतो. एरवी तोंड मिटलेलं असताना जीभ वर टाळूला टेकलेली असते आणि गालांच्या आतल्या दाबाला तोलून धरते. तोंडात अंगठा किंवा चोखणी असली की जीभ खाली जाते, चोखताना गाल आत ओढले जातात आणि वरचा जबडा हळूहळू अरुंद होतो. शेवटी वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसू लागतात.

हे घरीही पाहता येतं. मुलाला मागच्या दाढा मिटायला सांगा आणि ओठ हलकेच बाजूला करा. पुढे फट आहे का ते दिसेल. दाढा मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर जबडा अरुंद झाल्याची शंका घ्यावी आणि दंतवैद्याला दाखवावं. मला ही दुसरी खूण अधिक महत्त्वाची वाटते. कायमचे पटाशीचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली तर पुढची फट पुष्कळ मुलांमध्ये आपोआप भरून येते. अरुंद झालेला जबडा तितक्या सहजी पूर्ववत होत नाही.

मग चोखूच देऊ नये का? असं मुळीच नाही. बाळ आईच्या पोटात पंधराव्या आठवड्याच्या सुमारासच अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं. चोखण्याने त्याला शांत वाटतं. सुई टोचताना चोखणी दिली तर वेदनेची प्रतिक्रिया कमी होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नळीवरून तोंडाने दूध पिण्याकडे वळायला तिची मदत होते. सगळ्यात मोठा फायदा झोपेत आहे. झोपताना चोखणी घेणाऱ्या तान्ह्या बाळांमध्ये अचानक होणाऱ्या अनाकलनीय मृत्यूचं प्रमाण कमी आढळतं. म्हणूनच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपताना ती देऊन पाहायला सांगते. बाळ अंगावर पीत असेल तर आधी स्तनपान नीट सुरू झालेलं असावं. झोपेत ती तोंडातून पडली तर पुन्हा घालायची गरज नाही, आणि दोरीने गळ्यात किंवा कपड्याला अडकवून तर बाळाला कधीच झोपवू नये.

म्हणजे फायदे पहिल्या काही महिन्यांतले आहेत, आणि तोटे वय व तास वाढतील तसे वाढतात. सहा महिन्यांनंतर पहिला तोटा दिसतो तो कानात. दिवसभर चोखणी तोंडात असणाऱ्या मुलांना मधल्या कानाचा संसर्ग जास्त होतो. फिनलंडमधल्या एका प्रयोगात पालकांना चोखणी फक्त झोप लागेपर्यंत द्यायला सांगितलं, तेव्हा त्या गटात मधल्या कानाच्या संसर्गाचे प्रसंग २९ टक्क्यांनी कमी झाले. चोखणी पूर्ण बंद केली नव्हती, फक्त तास कमी केले होते.

चोखणी सोडवायची रीत यातूनच निघते. सहा महिन्यांनंतर ती झोपेपुरती ठेवावी आणि वर्षाच्या आसपास तीही कमी करायला लागावं. तिला मध किंवा साखर लावू नये. साखरेने दात किडतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. चोखणीचं टोक थोडं थोडं कापत जाण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, कापलेला तुकडा सुटून घशात अडकू शकतो.

अंगठा असा कपाटात ठेवता येत नाही, म्हणून तिथे काम जास्त. समजा, साडेतीन वर्षांची एक मुलगी आहे. तिचा अंगठा रोज किती वेळ तोंडात असतो ते आईबाबांनी तिला न टोकता चार दिवस लिहून ठेवलं. सकाळी उठल्यावर अर्धा तास, दुपारच्या झोपेत दीड, टीव्हीसमोर एक, आणि रात्री झोपल्यावर चार. एकूण सात तास. त्यातले साडेपाच झोपेतले, म्हणजे तिने मुद्दाम केलेले नव्हेतच. दिवसा रागावून त्यांना हात लागणार नाही.

म्हणून सुरुवात रात्रीपासून करावी. ती गाढ झोपली की अंगठा हलकेच बाहेर काढून हात पांघरुणावर ठेवायचा. पुन्हा गेला तर पुन्हा काढायचा, झोपमोड होईल इतका आग्रह नाही. पंधरा दिवसांनी टीव्हीच्या वेळी दोन्ही हातांना काम द्यावं: मऊ चेंडू, ठोकळे, चित्रं चिकटवणं. सकाळी उठल्याबरोबर तिला जवळ घ्यावं, कारण तो अर्धा तास सहसा कंटाळ्याचा किंवा एकटेपणाचा असतो. दुपारची झोप सगळ्यात शेवटी. झोपताना हातात मोजा घालायची कल्पना तिला आवडली तरच घालावी, आणि कडू लेपाचंही तसंच. मुलाने स्वतः 'मला आठवण करून दे' म्हटलं तर या गोष्टी आठवण ठरतात, नाहीतर शिक्षा होते आणि घाबरलेलं मूल आणखी चोखतं.

दर पंधरवड्याला पुन्हा चार दिवस नोंद करावी. सातावरून चारावर आले असतील तर घाई न करता तसंच चालू ठेवावं. ताप, नवं भावंड, घर बदलणं अशा वेळी आकडा वर जातो. तेव्हा थांबावं, ओरडू नये. कायमचे दात यायच्या वेळीही सवय टिकून असेल आणि मुलाला स्वतःला ती सोडायची असेल, तर दंतवैद्य टाळूला बसणारी एक छोटी तार लावू शकतात. तिच्यामुळे अंगठा नीट टेकत नाही आणि चोखण्यातलं सुख जातं. सवय सुटल्यावर काही महिन्यांनी पुढची फट पुन्हा पाहावी. ती कमी होत नसेल, तर गिळताना जीभ त्या फटीत घुसते का ते तपासून घ्यावं. अंगठा गेल्यावरही कधी कधी जीभच ती फट उघडी ठेवते.