पाठ्यपुस्तकातील छायाचित्रासाठी पुष्टी-ईमेल

पाठ्यपुस्तक छपाईला जाण्याआधी प्रकाशकाचा संपादक फोटो एजन्सीला एक ईमेल पाठवतो. फोटोत दिसणारी माणसे नेमकी कोण आहेत आणि फोटो वापरू देण्यास त्यांची लेखी संमती आहे का, या दोन गोष्टींची खात्री त्यात मागितलेली असते. या संमतीपत्राला व्यवसायात मॉडेल रिलीज किंवा नुसते ‘रिलीज’ म्हणतात. नवख्या संपादकाला वाटते, एजन्सीचे बिल भरले म्हणजे झाले. पण बिल भरून मिळतो तो छायाचित्र छापण्याचा परवाना, आणि तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखालच्या हक्काशी निगडित असतो. हा हक्क छायाचित्रकाराचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा. फोटोतल्या माणसाचा होकार त्यात धरलेला नसतो. बऱ्याच एजन्सी अटींमध्ये हे स्पष्ट लिहितात आणि ‘फक्त संपादकीय वापरासाठी’, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे, असा शेरा असलेल्या फोटोंना सहसा रिलीज नसतेच.

नमुन्यादाखल नागपूरचे एक प्रकरण पाहू. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पूरक पुस्तकात तान्हा पोळ्यावर पाठ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतात. त्यासाठी महाल भागातल्या एका गल्लीचा फोटो निवडला. त्यात चार मुले आहेत: तिघांच्या हातात बैलांच्या दोऱ्या, आणि चौथ्याचा चेहरा उजव्या कडेला अर्धाच आलेला. एजन्सीच्या कॅप्शनमध्ये रोमन लिपीत दोनच नावे आहेत. संपादिकेने पाठवलेला ईमेल असा:

विषय: छायाचित्र क्र. (आपला क्रमांक) – नावे व रिलीजची पुष्टी, १२ तारखेपर्यंत

महोदय,
सोबतच्या पीडीएफमध्ये पान ४६ चा लेआउट आहे. हा फोटो इयत्ता पाचवीच्या पुस्तकात, तान्हा पोळ्याच्या पाठात, पाव पानाच्या आकारात छापायचा आहे. मराठी आवृत्ती, कागदी आणि ई-पुस्तक दोन्ही. हाच फोटो मुखपृष्ठावर घेण्याचाही विचार आहे. कृपया कळवावे:
१. मूळ फोटोत डावीकडून उजवीकडे कोण आहे? नावे देवनागरीत द्यावीत.
२. चौघांपैकी कोणाकोणाचे रिलीज आहे? त्यावर पालकाची सही आहे का?
३. त्या रिलीजमध्ये मुखपृष्ठ आणि ई-पुस्तक बसते का? काही बंधन असल्यास तेही लिहावे.

पहिल्या प्रश्नातला ‘मूळ फोटोत’ हा शब्द सहज आलेला नाही. मुलांची नजर पानाच्या आत वळलेली दिसावी म्हणून डिझायनरने फोटो आरशासारखा उलटा केला होता. बऱ्याच एजन्सी संपादकीय फोटोला असे करूच देत नाहीत. दिलेल्या अटींत ते चालले तरी ‘डावीकडून’ या शब्दाचा अर्थ मात्र फिरतो. फोटो उलटा आहे हे ओळखायला मागच्या भिंतीवरची दुकानाची पाटी पुरते. अक्षरे उलटी दिसली की काम तिथेच थांबवावे.

नावे देवनागरीत मागण्याचे कारण आपल्या लिपीतच आहे. एजन्सीकडच्या माहितीत `Kale` एवढेच असेल, तर तो मुलगा काळे की काले, हे रोमन अक्षरांवरून सांगता येत नाही. `Bode` म्हणजे बोडे की बोदे, हाही तोच पेच. मुलाच्या आडनावात चूक छापली गेली, तर ते पुस्तक त्याच्याच वर्गात उघडले जाणार असते. म्हणून ‘असेल असे वाटते’ यावर नाव छापू नये. पालकाने रिलीजवर जसे लिहिले, तसे घ्यावे.

आता रिलीजचे. भारतीय करार कायद्याप्रमाणे (१८७२) अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. त्यामुळे मुलाच्या सहीला अर्थ नाही, पालकाची सही लागते. एजन्सीच्या उत्तरात ‘एमआर ऑन फाइल’, म्हणजे मॉडेल रिलीज आमच्याकडे आहे, एवढेच आले, तर ते अपुरे समजावे: कोणाचे, किती जणांचे, केव्हाचे? फोटोतले चेहरे मोजावेत, रिलीजही मोजावीत, आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहावे. फोटोच्या फाइलमध्ये `Person Shown in the Image` आणि `Model Release Status` असे रकाने असतात; फोटोसोबत माहिती साठवण्याच्या आयपीटीसी या मानकातले ते आहेत. मात्र डिझायनरकडे फोटो व्हॉट्सॲपवरून गेला असेल, तर ही माहिती सहसा गळून जाते. ती मूळ फाइलमध्येच पाहावी. रिकामे रकाने दिसले म्हणजे रिलीज नाही असे नव्हे, आणि भरलेले रकाने म्हणजे सही पाहिली असेही नव्हे.

या प्रकरणात एजन्सीचे उत्तर असे आले: पहिल्या दोन मुलांची रिलीज आहेत, दोन्हींवर पालकांच्या सह्या आहेत, ई-पुस्तकाला हरकत नाही. तिसऱ्या मुलाचे रिलीज नाही. कडेच्या चेहऱ्याची ओळख छायाचित्रकारालाही नाही. मुखपृष्ठासाठी चौघांचेही रिलीज लागेल. शिवाय एजन्सीने लिहिले, ‘आपल्या पीडीएफमध्ये फोटो उलटा आहे, आमचा क्रम मूळ फोटोप्रमाणे आहे.’

इथे मोठी चूक होता होता टळली. डिझायनरला ‘डावीकडची दोन ठेवा, बाकी कापा’ एवढेच सांगितले असते, तर उलट्या लेआउटमध्ये नेमकी रिलीज नसलेली दोन मुले पानावर राहिली असती, आणि ज्यांच्या पालकांनी सही केली ती निघून गेली असती. संपादिकेने फोटो आधी सरळ करवून घेतला, मग पहिली दोन मुले आणि त्यांचे बैल राहतील असा कापला. मुखपृष्ठासाठी हा फोटो सोडून फक्त लाकडी बैलाचा जवळून काढलेला फोटो घेतला. पाठाच्या चित्रओळीत नावे छापली नाहीत. रिलीज असतानाही नावे वगळणे मला योग्य वाटते, कारण पाठ सणाबद्दल आहे, मुलांबद्दल नव्हे.

ईमेलमध्ये पाठाचा विषय आणि लेआउट जोडण्यामागेही कारण आहे. रिलीज असले तरी ते सगळ्या वापरांना लागू होत नाही. हाच फोटो बालमजुरी किंवा कुपोषणाच्या पाठाशेजारी छापला, तर वाचणारा त्या मुलालाच बालमजूर समजेल. आजार, गुन्हा, गरिबी अशा नाजूक वापरांना एजन्सीच्या अटींत बहुधा स्वतंत्र बंधन असते. म्हणून पान न दाखवता मिळवलेला होकार कच्चा धरावा.

ईमेल केव्हा पाठवायचा, हेही ठरवावे लागते. एजन्सीकडून छायाचित्रकार, छायाचित्रकाराकडून पालक, असा प्रश्न मागे मागे जात असल्याने उत्तराला काही दिवस सहज लागतात. ते पान ज्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या संचात, आहे तो छपाईच्या प्लेटवर चढल्यानंतर आलेले उत्तर महाग पडते. पानाचा आराखडा पहिल्यांदा पक्का झाला की पाठवणे बरे. उत्तर परवान्याच्या प्रतीसोबत त्याच फाइलमध्ये ठेवतात. पुढच्या आवृत्तीत फोटो दुसऱ्या पाठात गेला, हिंदी आवृत्ती निघाली किंवा फोटो पुन्हा वेगळा कापला, तर जुने उत्तर चालत नाही. नवे पान जोडून तोच ईमेल नव्याने पाठवावा लागतो.