प्री-डिले म्हणजे डिले नव्हे

डिले काय करतो हे मिक्सिंग करणाऱ्याला सांगावं लागत नाही. गायलेला शब्द ठरावीक वेळानं पुन्हा ऐकू येतो आणि फीडबॅक वाढवला की पुन्हा पुन्हा येतो. घोळ होतो तो रिव्हर्बवरच्या प्री-डिलेचा. नावात डिले आहे म्हणून कुणी तिथं अर्ध्या बीटचा आकडा टाकतं. कुणी वेगळा डिले लावलाय म्हणून प्री-डिले शून्यावर सोडतं, आणि आवाज धूसर झाला की रिव्हर्बचा सेंड कमी-जास्त करत बसतं.

नाव सारखं असायला कारण आहे. जुन्या प्लेट रिव्हर्बमध्ये आवाज गेला की त्याची घुमत विरत जाणारी शेपूट लगेच सुरू व्हायची. ती सुरुवात पुढं ढकलायला स्टुडिओत सेंडचा, म्हणजे रिव्हर्बकडे पाठवलेला, आवाज आधी टेप मशीनमधून फिरवत. रेकॉर्ड हेड आणि प्लेबॅक हेड यांच्यातल्या अंतरामुळे उशीर मिळे, आणि मग तो आवाज प्लेटमध्ये जाई. यंत्र डिलेचंच, पण उशिरा आलेली ती प्रत थेट स्पीकरमधून वाजवायची नसे. ती प्लेटसाठी असे. सगळा फरक इथंच आहे. प्री-डिलेत शब्द दुसऱ्यांदा ऐकू येत नाही, फक्त रिव्हर्ब थोडा उशिरा सुरू होतो.

त्या उशिरात मिळतं काय? ‘त’, ‘क’, ‘च’ यांसारखी व्यंजनं अगदी थोडा वेळ वाजतात आणि शब्द कळतो तो त्यांच्यावरून. प्री-डिले शून्य असेल तर रिव्हर्ब त्यांच्यावरच चढतो आणि गायक मागं ढकलला जातो. २० ते ५० मिलिसेकंद दिले की व्यंजन कोरडं पोहोचतं, शेपूट त्यामागून येतं. खोली मोठी वाटते, पण गायक पुढंच राहतो. १०० च्या पुढं गेलात की रिव्हर्ब शब्दापासून सुटतो आणि ‘त’ दोनदा आपटल्यासारखा ऐकू येतो. तिथून मागं यायचं.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ती. प्री-डिले शब्दाची सुरुवात त्याच्याच शेपटापासून वाचवतो. पुढच्या शब्दाला मागच्या शेपटापासून वाचवत नाही. शब्द दाट असतील तर ४० मिलिसेकंद देऊनही ओळ धूसरच राहील, कारण आधीच्या चार अक्षरांची शेपटं अजून वाजतायत. तिथं डिके टाइमच कमी करावा लागतो. अशा वेळी प्री-डिले वाढवत राहणं म्हणजे चुकीचं बटण पिळणं.

९० बीपीएमचं संथ गाणं घ्या. ६०,००० ला ९० नं भागलं की एक बीट ६६७ मिलिसेकंदांची. तिचा सोळावा भाग ४२. तिथून प्री-डिले सुरू करा आणि पुढं कानानं ठरवा, कारण इथं टेम्पोशी जुळणं हा नियम नाही, सोय आहे. डिके साधारण १.३ सेकंद ठेवा, म्हणजे दोन बीटमध्ये शेपूट विरतं. अंतऱ्यात शब्द दाट झाले तर ०.८ वर आणा. रिव्हर्बच्या आधी हाय-पास फिल्टर ३०० हर्ट्झच्या आसपास लावा. छातीतला जाड आवाज रिव्हर्बमध्ये गेला की गढूळपणा आलाच. ‘स’ आणि ‘श’ रिव्हर्बमध्ये फुरफुरत असतील तर सेंडवर डी-एसर हवा.

ओळीच्या शेवटी पोकळी भरायची असेल तर मात्र खरा डिले घ्या, वेगळ्या सेंडवर: ३३३ मिलिसेकंद, म्हणजे त्याच गाण्याची अर्धी बीट, फीडबॅक २० टक्के, वरचा भाग ४ किलोहर्ट्झला कापलेला. त्याच्या रिटर्नवर कॉम्प्रेसर बसवून साइडचेनला कोरडा व्होकल जोडा. गायक गात असताना डिले ६ डेसिबल दबला पाहिजे आणि थांबला की वर आला पाहिजे. रिलीज २०० मिलिसेकंदांपासून सुरू करून बघा. ओळींमध्ये जागा असेल तर लांब हॉलपेक्षा हा उपाय केव्हाही चांगला; आवाज भरतो आणि शब्द झाकले जात नाहीत.

सेंड की इन्सर्ट, यावर फार वाद नको: सेंड, पोस्ट-फेडर, आणि रिटर्नवरच्या प्लगइनचा मिक्स १०० टक्के. तिथं ५० ठेवलं तर कोरड्या आवाजाची आणखी एक प्रत वर चढते आणि सेंड हलवला की व्होकलची पातळीही हलते.

पातळी सोलोमध्ये ठरवू नका. सोलोत पुरेसा वाटणारा रिव्हर्ब संपूर्ण मिक्समध्ये बहुधा वाद्यांखाली दबतो. सगळं वाजत असताना रिव्हर्ब स्पष्ट जाणवेपर्यंत सेंड वाढवा, मग २-३ डेसिबल खाली घ्या आणि रिटर्न म्यूट करून बघा. म्यूट केल्यावर शब्द अधिक नीट कळले तर रिव्हर्ब अजून जास्त आहे. शब्द तेवढेच कळले, पण आवाज वाद्यांवर चिकटवल्यासारखा वाटला, तर म्यूट काढा आणि त्या सेंडला पुन्हा हात लावू नका.