टीव्हीच्या मागची तेरावी पिन आणि एकच रिमोट

न्यू जर्सीला भावाकडे टीव्हीला तीन गोष्टी लावल्यात. छतावरच्या अँटेनावर न्यूयॉर्कचे लोकल चॅनल फुकट येतात ती गोल केबल, एचडीएमआय १ ला केबलवाल्यांचा सेट-टॉप बॉक्स, आणि एचडीएमआय २ ला स्ट्रीमिंग स्टिक. तीन रिमोट होते, आता टीव्हीचा एकच टेबलावर असतो. हे नेमकं कसं जमतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण एकदा ते कळलं की बिघडलं तर कुठे बघायचं हेही कळतं.

एचडीएमआय केबलमध्ये एकोणीस पिना असतात आणि त्यातली तेरावी चित्र किंवा आवाज काहीच नेत नाही, ती फक्त निरोपांसाठी आहे. या सोयीला सीईसी म्हणतात, पण प्रत्येक कंपनीने तिला आपापलं नाव दिलंय, म्हणून मेनूत ते Anynet+, SIMPLINK किंवा BRAVIA Sync असं काहीतरी दिसतं. टीव्हीत चालू करा आणि बॉक्स-स्टिकच्या सेटिंगमध्येही चालू करा, एकाच बाजूला करून उपयोग नाही.

प्रत्येक पोर्टला एक पत्ता असतो. टीव्ही स्वतः 0.0.0.0, एचडीएमआय १ म्हणजे 1.0.0.0, एचडीएमआय २ म्हणजे 2.0.0.0. केबल खुपसली की टीव्ही त्या डिव्हाइसला त्याचा पत्ता सांगतो. आता स्टिक झोपेतून उठली की ती तेराव्या पिनवर हा निरोप टाकते:

```
4F:82:20:00
```

4 म्हणजे मी प्लेबॅक डिव्हाइस, F म्हणजे सगळ्यांनी ऐका, 82 म्हणजे आता स्क्रीनवर मी, आणि 20:00 हा पत्ता. टीव्ही हे वाचून आपणहून एचडीएमआय २ वर जातो, सोर्सच्या यादीत खालीवर करायची गरजच नाही. ही तार खूप हळू आहे हां, एक बिट २.४ मिलिसेकंद घेतो, निरोपात चाळीस बिट आणि सुरुवातीची ४.५ मिलिसेकंदांची खूण, म्हणजे सगळं मिळून साधारण एक दशांश सेकंद. त्यामुळे इनपुट बदलल्यावर दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी राहते त्याचा दोष सीईसीला देऊ नका. तो वेळ नवीन सिग्नल पकडण्यात आणि कॉपी-संरक्षणाची दोन्ही बाजूंची तपासणी होण्यात जातो. काही टीव्ही बाकीच्या पोर्टवरची ही तपासणी मागच्या मागे चालू ठेवतात, ते चटकन बदलतात.

मग अँटेनाचं काय? त्या गोल केबलमध्ये असा निरोप्या नाही, आणि लागतही नाही, कारण अँटेनाचा ट्यूनर टीव्हीच्या आतच आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की एकच रिमोट ठेवायचा तर टीव्हीचाच ठेवा. स्टिकच्या रिमोटने तुम्ही स्टिकवर लगेच याल, पण अँटेनाकडे परत जायचं बटन त्यावर सहसा नसतं. उलट टीव्हीच्या रिमोटची बाण, ओके, बॅक ही बटनं तेराव्या पिनवरून बॉक्स आणि स्टिकपर्यंत पोचतात, बॉक्स कपाटात बंद असला तरी चालतं. एक गोष्ट मात्र आधी तपासा, बॉक्स बघताना चॅनल पुढे करायचं बटन दाबलं की काही टीव्ही ते बॉक्सला पाठवतात आणि काही सरळ अँटेनाच्या चॅनलवर उडी मारतात. भावाचा टीव्ही उडी मारतो, म्हणून तिथे बॉक्सचं चॅनल बॉक्सच्या गाइडमधून बाणांनी निवडायचं असं घरात ठरलंय, आणि अँटेनावर यायला तेच चॅनलचं बटन शॉर्टकट म्हणून वापरतात.

बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने लावला असेल तर हे काहीच होणार नाही, त्या वायरींमध्ये निरोपाची सोय नाही. तिथे लर्निंग रिमोट उपयोगी, म्हणजे ज्याची मोकळी बटनं दुसऱ्या रिमोटचा इन्फ्रारेड कोड शिकून घेतात. पण सोर्सच्या बटनाचा कोड शिकवला तर तो फक्त यादी उघडतो किंवा पुढच्या इनपुटवर नेतो. टीव्हीच्या रिमोटवर हव्या त्या इनपुटसाठी वेगळं बटन असेल तर तो कोड शिकवा, तो कुठूनही दाबला तरी थेट तिथेच नेतो.

बिघाडाची सगळ्यात नेहमीची खूण म्हणजे टीव्हीच्या सीईसी यादीत डिव्हाइसचं नावच दिसत नाही. मध्ये स्वस्तातला एचडीएमआय स्विच असेल तर तो काढून केबल थेट लावून बघा, काही स्विच तेरावी पिन पुढे जोडतच नाहीत. आणि नाव दिसतंय पण टीव्ही भलत्याच पोर्टवर जातो, असं केबलींची अदलाबदल केल्यावर होतं, डिव्हाइस अजून जुनाच पत्ता सांगत असतो. टीव्ही आणि डिव्हाइस दोन्हीचे प्लग भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही लावा, मग डिव्हाइस.